साठ माणसांचं सांबारं

एकच आमटी एकाच वेळी खारट आणि बेचव कशी लागू शकते, हे मला लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की मीठ जास्त झालं तर पदार्थ खारट होतो, मसाला कमी पडला तर बेचव होतो आणि माणूस एका वेळी एकच चूक करतो. अप्पा दोन्ही एकदम करत. आणि रोज करत.

अप्पा म्हणजे माझे सासरे. ते आचारी होते, तेही साधेसुधे नाहीत. गिरगाव ते दादरपर्यंतच्या कार्यालयांत लग्नांच्या पंगती त्यांच्या हाताखाली उठलेल्या. चारशे पानं म्हणजे त्यांच्या लेखी मध्यम काम. गुडघे गेले तसं त्यांनी काम सोडलं. पण घरात त्यांनी कधी कांदासुद्धा चिरला नव्हता, कारण स्वयंपाकघर सासूबाईंचं होतं आणि त्या तिथे कोणाला उभं राहू देत नसत. त्या गेल्यावर काही महिने मी ऑफिसला जाण्याआधी पहाटे उठून सगळं करून ठेवत होते. एक दिवस अप्पा म्हणाले, "तू कशाला एवढी धावपळ करतेस? मी दिवसभर घरीच असतो. माणसं किती, तीन. तिघांचं मी नाही करणार?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंसुद्धा, की आमच्याकडे आता आचारी ठेवलाय.

पहिल्या संध्याकाळी परळहून दमून घरी आले तर तुरीच्या डाळीची आमटी तयार. रंग फिका, वास जवळजवळ नाही, चमच्यात घेतली तर गोळ्यासारखी, आणि तोंडात घातली तर मीठ. नवीन भांडी आहेत, सवय व्हायला वेळ लागेल, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ, तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप त्यात गरम पाणी आणि अर्धा चमचा मसाला घालून पुन्हा उकळी काढली. ते अप्पांनी हॉलमधून वासावरून ओळखलं आणि जेवताना ताटातून मान वर केली नाही.

माझा नवरा या सगळ्यात काय करत होता, तर जेवत होता. "कशी झालीय?" असं अप्पांनी विचारलं की म्हणायचा, "मस्त." मग भातावर लिंबू पिळायचा, थोडी साखर भुरभुरायचा, वर दही ओतायचा आणि शांतपणे पान संपवायचा. मला खारट आमटीपेक्षा त्या 'मस्त'चा जास्त वैताग यायचा.

शेवटी एका रविवारी मी त्यांच्या शेजारी उभीच राहिले. त्यांनी डाळीत पाणी घातलं ते माझ्या मानाने फारच कमी. मी म्हटलं, "अप्पा, अजून घाला ना."

"कशाला? पाणी जातंय कुठे?"

मग गॅस फुल केला. त्यांना दुसरा गॅस माहीतच नाही. आमचं पसरट पातेलं, वर झाकण नाही, आणि दहा मिनिटांत डाळ बुडबुडे सोडत घट्ट व्हायला लागली. पाणी कुठे जातंय ते मला दिसत होतं, सगळं चिमणीत जात होतं. त्यांच्या त्या कमरेएवढ्या टोपात खरंच फारसं पाणी उडत नसणार. एवढं खोल भांडं, आत एवढा ऐवज, आणि हवेला लागतो तो फक्त वरचा थर. म्हणून त्यांचा हात पाणी बेताचंच घालायला शिकलेला. त्याच बेताने तिघांची आमटी टाकली की निम्मं पाणी वाफ होऊन जायचं. मीठ मात्र उडत नाही, ते सगळं खाली राहायचं.

मसाल्याचं उलट. त्यांनी मालवणी मसाला घातला तो दोन बोटांत धरून.

"एवढासाच?"

"अगो, शिजता शिजता चढतो तो."

चढत असेल, पण दीड-दोन तास मंद धगधगणाऱ्या टोपात. तिथे मिरची आणि मसाला तेलात, रसात उतरत राहतो. शेगडी बंद केली तरी तो टोप तासभर गरमच असतो आणि आत काम चालूच राहतं. आमची आमटी वीस मिनिटांत खाली उतरायची. चढायला तिला वेळच मिळायचा नाही.

मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं, अगदी नीट, आवाज न चढवता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे भांडं लहान आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून सासूबाईंचा मोठा टोप काढून घेतला आणि तिघांची आमटी त्याच्या तळाला सांडल्यासारखी केली. तळ आणखी पसरट, त्यामुळे पाणी आणखी लवकर उडालं. मी त्या रात्री दही-पोहे खाल्ले.

अशी वर्षभर आमची रोजची कुरबुर चालू होती. मग ननंदेच्या मुलीचं लग्न ठरलं.

आजोळचं केळवण आमच्याकडे, हे ओघाने आलंच. मला वाटलं होतं, दहा-बारा माणसं, घरीच करू. ननंदेचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, मुलाकडचेही येतो म्हणतायत. तिच्या ऑफिसच्या मैत्रिणी आहेत. आपल्या जुन्या चाळीतले चार-पाच जण तर बोलवायलाच लागतील. साठ धरून चल."

"मग केटरर सांगू."

"अप्पा ऐकणार नाहीत."

अप्पा ऐकणार नव्हतेच. नातीच्या केळवणाला बाहेरचा माणूस येऊन शिजवणार, हे त्यांना सहनच झालं नसतं. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, तेही घरच्या हातचं, हे त्यांनी फोन ठेवायच्या आतच ठरवून टाकलं. आमची चाळ पाडून जो टॉवर झाला त्यात पोडियमवर सोसायटीचा हॉल आहे, त्याच्या मागे छोटी पॅन्ट्री आणि एक मोठी शेगडी. जागेचा प्रश्न नव्हता. गुडघ्यांमुळे अप्पा उभे राहू शकणार नव्हते. म्हणजे हात माझे आणि हुकूम त्यांचा.

आणि खरी गोची पुढेच होती. मी आयुष्यात बारा माणसांच्या वर स्वयंपाक केला नव्हता. अप्पांना दोनशेच्या खाली तो कधी जमला नव्हता. साठ हा आकडा आम्हा दोघांपैकी कोणाच्याच हातात नव्हता.

मी माझ्या चार माणसांच्या मापाला पंधराने गुणलं. अप्पांनी त्यांच्या चारशेच्या मापावरून खाली उतरवत आणलं. जेवणाच्या टेबलावर आम्ही आपापले हिशेब एकमेकांना सांगितले. वाटाणे, कांदा, खोबरं जवळपास जुळत होतं. पण माझा मसाला त्यांच्या जवळजवळ दुप्पट, लवंग आणि दालचिनी त्याहून जास्त. पाणी माझं कितीतरी अधिक. मीठही माझंच जास्त, पण थोडं.

"एवढ्या लवंगा?" अप्पा म्हणाले. "दाताच्या डॉक्टरकडे बोलावलंयस का सगळ्यांना?"

"आणि एवढ्याशा मसाल्यात साठ माणसं? आजाऱ्यांची पेज करायचीय का?"

"तुझं पाणी बघ. नदी हाय ती."

"तुमच्या पाण्याचं काय होतं ते मी रोज खातेय, अप्पा."

हे मी बोलायला नको होतं. ते उठून बाल्कनीत गेले. तेव्हा माझ्या नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि तोडगा सुचवला. "दोघांच्या मधला आकडा घ्या ना. विषय संपला."

मला आजही कळत नाही की आम्ही ते का ऐकलं. बहुतेक भांडण मिटवायची घाई असेल. मसाला मधला, पाणी मधलं, मीठ मधलं. आम्ही दोघांनी मिळून असं एक माप तयार केलं जे ना माझं, ना त्यांचं, आणि ज्याच्यावर आम्हा दोघांपैकी कोणाचाच विश्वास नव्हता.

केळवणाच्या दिवशी सकाळी भिजवलेले वाटाणे मी वरती घरी कुकरला लावून शिजवले, दोन फेऱ्यांत. जेवढे टोपात मावतील तेवढेच शिजवले, उरलेले भिजलेले तसेच चाळणीत ठेवले. मग खाली पॅन्ट्रीत. अप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शेगडीपासून दोन हातांवर, मांडीवर नॅपकिन. त्यांनी खडा मसाला मलमलच्या फडक्यात बांधून पोटली केली होती आणि पोटलीचा लांब दोरा टोपाच्या कानाला बांधला होता. वास पुरेसा उतरला की पोटली ओढून बाहेर. मला ते आवडलं, आणि तसं मी म्हटलंही. तेवढा एक क्षण बरा गेला.

मग कांदा. घरी मी कांदा कढईत टाकते आणि तो दहा मिनिटांत तांबूस होतो. इथे परातभर कांदा एकदम टोपात ओतला.

"थोडो थोडो घाल गो," अप्पा म्हणाले. ते वैतागले की मालवणीवर येतात.

पण तोवर ओतून झाला होता. त्या एवढ्या कांद्याला पाणी सुटलं आणि तो भाजायच्या ऐवजी उकडायला लागला. वरचा कच्चा, खालचा मऊ, मधून नुसती वाफ. लाकडी उलथनं घेऊन मी उभी, घाम गळतोय, आणि कांदा पांढरा तो पांढराच. तासाभराने कुठे रंग आला. तेल मी पंधरा पट घातलं नव्हतं, कारण अप्पा म्हणाले मोठ्या टोपाला तेवढं लागत नाही, आणि ते बरोबर होतं. पण मसाला मधल्या आकड्याचा, म्हणजे त्यांच्या तेलाच्या मानाने बराच जास्त. तो टाकल्याबरोबर ढीग होऊन बसला. खालचा थर तळाला धरायला लागला आणि वरचा कोरडाच. मी घाईघाईने वाटण आणि पाणी ओतलं, म्हणजे मसाला धड परतलाही गेला नाही. वाटाणे गेले, पोटली गेली, मीठ गेलं, झाकण बसलं.

अर्ध्या तासाने चाखलं. पाणीदार, आणि काहीच नाही. मिठाचा पत्ता नाही.

"अळणी आहे," मी म्हटलं.

अप्पांनी पळी तोंडाला लावली. "रवू दे. मसालो उतरूक येळ लागता. मिठाक हात लावू नको. आधी आटव."

झाकण काढून आटवायचं ठरलं. आच मोठी केली. एवढ्यात ननंद आली, नऊवारी नेसून, हातात बांगड्यांचा डबा. तिने चाखलं. "वहिनी, मीठच नाहीये." आणि मी काही म्हणायच्या आत मूठभर मीठ टोपात. तिच्या मागून तिची जाऊ आली, तिनेही चाखलं, तीही म्हणाली की किंचित हवंय. तिने किती घातलं ते मी पाहिलंच नाही, कारण मी तेव्हा वड्यांच्या पिठाशी होते. मी स्वतःही थोडं घातलं. हे तिघींचं मीठ अशा रश्शात गेलं ज्याचं बरंचसं पाणी अजून उडायचं होतं. शिवाय वाटाण्यांच्या आत मीठ शिरायला वेळ लागतो. आम्ही चाखत होतो तो नुसता रस, आणि तोही अर्धवट.

आणि अप्पा? अप्पांनी पोटलीकडे लक्ष ठेवायचं होतं. पण नवरी आली. हॉलमधून कोणीतरी हाक मारली, आजोबांबरोबर फोटो. ते काठी टेकत गेले आणि नातीच्या शेजारच्या खुर्चीवर बसले ते बसलेच. मुलाकडच्या म्हाताऱ्यांना गिरगावातल्या पंगतींच्या गोष्टी सांगायला लागले. मला वाटलं, पोटली त्यांनी जाताना काढली. त्यांना वाटलं, मी काढेन. पोटली आत राहिली, दोरा बाहेर लोंबत होता आणि मी त्याच्यासमोरून निदान दहा वेळा गेले.

ते परत आले तेव्हा सांबारं छान दाट झालं होतं. वर बोटभर लाल तवंग. दिसायला इतकं सुंदर की ननंदेने त्याचा फोटो काढला. अप्पांनी चाखलं. पळी माझ्या हातात दिली.

खारट. तेही असं की जीभ आक्रसली. त्याच्या मागोमाग तिखट, ते गिळल्यावर घशात उतरून वाढतच गेलं. आणि सगळ्यावर लवंग. हिरड्या बधिर झाल्या.

"बटाटे टाकू," ननंद म्हणाली. "बटाटा मीठ ओढून घेतो."

"बटाटो त्याच्या वाट्याचा मीठ घेता," अप्पा म्हणाले. "टोपातला कमी होत नाय."

"मग कणकेचे गोळे?"

"त्यापेक्षा सगळ्यांना आधी गोड वाढ, म्हणजे जिभेला समजणार नाही," मी म्हटलं. मी गंमत करत नव्हते, मला रडायला येत होतं. बाहेर माणसं जमत होती, शेवटची माणसं लिफ्टमधून उतरत होती. अप्पांच्या खुर्चीशेजारी मी जमिनीवरच बसले आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलले. "तुम्ही म्हणालात चढेल, चढेल. हे बघा चढलं. तुमच्या टोपात चढतं तसं नाही चढलं. हा तुमचा टोप नाही आणि माझंही पातेलं नाही. आणि पोटली कोण काढणार होतं?"

अप्पांनी मांडीवरचा नॅपकिन घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चारशे माणसांत माझो हात कधी चुकलो नाय. घरात रोज चुकता. मी काय जिभेन आंधळो हाय? मला समजत नाही, तुम्ही दोघं काय तोंड करून जेवता ते?"

मी हातातली पळी परातीत ठेवली.

"ती मला ओट्याशी उभं राहू देत नव्हती," ते म्हणाले. ती म्हणजे सासूबाई. "लग्न झालं तेव्हा एकदा केली होती मी आमटी. दोघांची. तिने तोंडात घातली आणि म्हणाली, पुन्हा या घरात शिजवायचं नाही."

बावीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हसायला आलं, पण मी इतकी वैतागलेली होते की ते वरपर्यंत पोहोचलंच नाही.

"ते वाटाणे आहेत ना राहिलेले?" अप्पांनी विचारलं.

चाळणीतले भिजलेले वाटाणे. मी उठले. नवऱ्याला हॉलमधून ओढून काढलं आणि वरती पाठवलं. "दोन कुकर लाव. मीठ घालायचं नाही. कळलं? अजिबात नाही." तो काही विचारणार होता, पण माझा चेहरा बघून गेला.

तोवर अप्पांनी मला पळी उथळ धरून वरचा तवंग काढायला लावला. तिखट त्या तेलातच बसलेलं असतं. तेल गेलं की निम्मं काम झालं, असं ते म्हणाले. एक छोटं पातेलं भरून लाल तेल निघालं. मग सांबारं दोन टोपांत वाटून घेतलं. पण पाण्याने वाढवलं असतं तर ते सारच झालं असतं. अप्पांची नजर कोपऱ्यातल्या पातेल्यावर गेली. त्यात सोलकढीसाठी पिळून ठेवलेलं नारळाचं दूध होतं.

"ते नाही," ननंद म्हणाली. "सोलकढीचं काय? मुलाकडच्यांना सोलकढी सांगितलीय मी."

"फुटी कढी कर. नारळाशिवायची. हिंग, मोहरीची फोडणी दे," अप्पा म्हणाले. "मोहरी चमचाभरच. नाहीतर तुझी वहिनी पंधराने गुणेल."

ननंदेने माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली. खरं तर मी तोवर मनातल्या मनात गुणूनच ठेवलं होतं.

बिनमिठाचे वाटाणे त्यांच्या पाण्यासकट दोन्ही टोपांत गेले, नारळाचं दूध दोन्हीकडे वाटून गेलं. आच बारीक. पाच-सात मिनिटांनी अप्पांनी चाखलं, मी चाखलं. खारटपणा गेला होता. तिखट होतं, पण दुधाच्या स्निग्धपणात बसलेलं. लवंग मागे हटली नव्हती, पण निदान हिरड्या शाबूत होत्या. एका टोपात चिमूटभर मीठ कमी वाटलं. त्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कोणीच मिठाच्या डब्याला हात लावला नाही.

ननंदेची जाऊ तेवढ्यात पळी घ्यायला आली. अप्पांनी काठी आडवी धरली. "चाखणं बंद."

पंगत बसली. टेबल-खुर्च्याच, पण आम्ही अजून पंगतच म्हणतो. वडे गरम येत होते, ते माझ्या शेजारणींनी सांभाळले होते. मी पॅन्ट्रीच्या दारातून बघत उभी. मुलाच्या आत्याने वड्याचा तुकडा सांबाऱ्यात बुडवला, खाल्ला, थांबली आणि पुन्हा बुडवला. जुन्या चाळीतले एक काका, जे अप्पांच्या हातचं कित्येक लग्नांत जेवले होते, म्हणाले, "आज लवंग पुढे आहे जरा." अप्पा म्हणाले, "मुद्दाम." नवरीच्या ऑफिसमधली एक मुलगी नाक पुसत दोन ग्लास पाणी प्यायली आणि तरीही वाढून घेत राहिली. फुटी कढी बघून मुलाच्या आईने विचारलं की ही सोलकढी नेहमीसारखी दुधाळ का नाही. ननंद म्हणाली, "आमच्यात केळवणाला अशीच करतात." आमच्यात असं काहीही नाही.

जेवण झालं. कोणी तक्रार केली नाही, कोणी फार वाखाणलंही नाही. मुलाच्या आत्याने जाताना सांबाऱ्याचं प्रमाण विचारलं. "किती वाटाण्याला किती मसाला?" असं तिने मोबाइलवर टाइप करायच्या तयारीने विचारलं. मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी छताकडे बघितलं.

उरलं ते निम्मं. साठ माणसांसाठी केलेलं वाढवत वाढवत नव्वदांचं झालं होतं, शिवाय दोन टोप. शेजाऱ्यांना दिलं, वॉचमनला दिलं, ननंदेच्या डब्यात भरलं, आमचा फ्रिज भरला. दुसऱ्या दिवशी तेच सांबारं गरम केलं तर चव पुन्हा वेगळी. रस अळणीकडे झुकलेला आणि वाटाणे मात्र खारट, कारण रात्रभरात मीठ आतपर्यंत पोहोचलं होतं. अप्पा म्हणाले, हे असंच असतं, पंगतीचं उरलेलं दुसऱ्या दिवशी कधीही चाखू नये. मी म्हटलं, हे काल सांगायचं. त्यांनी वर्तमानपत्र पुढे ओढलं.

ते काढलेलं लाल तेल मी फेकलं नाही. बरणीत भरून ठेवलं. अप्पा आता आमटी उतरवताना त्यातलं थोडं वर सोडतात. त्यामुळे निदान फिकेपणा गेला. पाण्याचंही त्यांनी ऐकलं. आता ते पाणी जास्त घालतात आणि गॅस मध्यम ठेवतात, म्हणजे मी घरी असेन तेव्हा.

मिठाचा मात्र आम्ही करार केलाय. शिजताना कोणीही मीठ घालायचं नाही, पदार्थ उतरवायच्या आधी एकदाच घालायचं. कोणी घालायचं हे ठरवायचं राहून गेलं. परवा डाळीत त्यांनी घातलं आणि मी घरी आल्याआल्या घातलं. काल आम्ही दोघांनीही समोरच्याने घातलं असेल असं धरलं. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "मस्त." मग त्याने मिठाचा डबा मागितला. डबा ओट्यावर, अप्पांच्या बाजूला होता. त्यांनी तो त्याच्याकडे सरकवला आणि मला म्हणाले, "उद्यापासून तूच घाल गो. मला कंटाळा आला."

मलाही आलाय.